ऑस्ट्रियाच्या ऑफरमधले 'चौदा पगार': महिन्याला खरे किती ते कसं काढायचं

व्हिएन्ना, ग्राझ नाहीतर लिंझच्या कंपनीकडून ऑफर आलीये, त्यात लिहिलंय महिना ४,००० युरो ग्रॉस, वर्षाला चौदा वेळा. आता घरचे विचारतायत महिन्याला हातात किती पडणार, आणि तुम्ही कधी ४,००० सांगताय, कधी ५६,००० भागिले बारा करून ४,६६७ सांगताय, आणि ऑफिसातला कुणीतरी म्हणतोय अरे टॅक्स कापून अडीच हजार पण नाही येणार. तिघांचंही चुकतंय. हे सगळं एकदा नीट बसून कागदावर कसं काढायचं ते सांगते, कॉमर्सवाले नसाल तरी चालेल, गुणाकार भागाकार आला की झालं.

आकडे मी २०२५ च्या दरांनी घेतलेत. तिकडचे टॅक्स स्लॅब महागाईप्रमाणे दरवर्षी थोडे सरकतात, त्यामुळे तुमच्या वर्षाला उत्तर थोडं इकडेतिकडे होईल, पण काढायची रीत तीच.

आधी ऑफर लेटरमधली ती एक ओळ नीट वाचा

पहिली गंमत तर आकडा लिहायच्या पद्धतीतच आहे. तिकडे ४,००० युरो हे 4.000,00 असं लिहितात, म्हणजे हजाराला टिंब आणि पैशाला स्वल्पविराम, आपल्या बरोब्बर उलटं. एकदा माहीत झालं की काही नाही, पण पहिल्यांदा बघताना माणूस दचकतो.

मग बघायचं की आकड्यापुढे 14 mal किंवा 14x असं काही आहे का. बऱ्याचदा नसतंच! नोकरीच्या जाहिरातीत किमान पगार लिहायची तिकडे कायद्यानेच सक्ती आहे, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीत खाली कुठेतरी 'महिना ३,५०० पासून, आठवड्याला साडेअडतीस तास' असलं काहीतरी असतं, आणि ऑस्ट्रियन माणूस ते वाचताना मनातल्या मनात चौदाने गुणतो, कारण त्याला ते गृहीतच आहे. जर्मनीत तसं धरून चालता येत नाही. म्हणून म्युनिकची ४,५०० ची ऑफर आणि व्हिएन्नाची ४,००० ची ऑफर शेजारी ठेवली की म्युनिक जास्त वाटते, पण ४,५०० गुणिले बारा म्हणजे ५४,००० आणि ४,००० गुणिले चौदा म्हणजे ५६,०००. (म्युनिकची कंपनी तेरावा पगार देत असेल तर गणित परत बदलणार, ते त्यांना विचारा.)

आता हे जादाचे दोन पगार म्हणजे काय. एक सुट्टीसाठीचा, त्याला उर्लाउब्सत्सूशुस म्हणतात, साधारण जूनमध्ये येतो. दुसरा नाताळचा, वाइनाख्ट्सरेमुनेरात्सिओन, तो नोव्हेंबरच्या आसपास. दोघांना मिळून झोंडरत्साह्लुंग, पेस्लिपवर बहुतेक Sonderzahlung नाहीतर SZ असं दिसेल. आपल्याकडच्या दिवाळी बोनससारखं हे कंपनीच्या मर्जीवर नाही, नफा झाला तर देऊ असलं काही नसतं. पण हेही लक्षात ठेवा की सरसकट सगळ्यांना तेरावा चौदावा पगार द्याच असा काही कायदा ऑस्ट्रियात नाही. तो हक्क येतो कोलेक्टिफफरट्रागमधून, म्हणजे त्या त्या धंद्यातल्या कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक करारातून. देशातल्या जवळपास सगळ्या नोकऱ्या अशा कुठल्या ना कुठल्या कराराखाली येतात, आयटीला स्वतःचा वेगळा करार आहे. तुमच्या काँट्रॅक्टमध्ये कुठला करार लागू ते नाव लिहिलेलं असतं. ते नाव शोधा. करारच लागू नसेल आणि काँट्रॅक्टमध्येही चौदाचा उल्लेख नसेल तर चौदा धरायचेच नाहीत, बारा धरायचे.

अजून एक. आपल्या डोक्यात सीटीसी इतकं बसलंय की वार्षिक आकडा दिसला की आपण आपोआप त्यातून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे वजा करायला लागतो. इथे तसं करू नका. ५६,००० हा निव्वळ तुमचा ग्रॉस आहे, सोशल इन्शुरन्समधला कंपनीचा वाटा त्याच्या वर वेगळा, आणि १.५३ टक्के कंपनी एका वेगळ्या फंडात तुमच्या नावाने भरते तेही वरचेच. म्हणजे ५६,००० मधून फक्त तुमचा सोशल इन्शुरन्स आणि तुमचा टॅक्स जाणार.

ग्रॉसचे चौदाचे बारा

हे सोप्पं. चौदाने गुणा, बाराने भागा. तोंडी करायचं असेल तर पगाराचा सहावा हिस्सा पगारात मिळवा, तेच उत्तर येतं. ४,००० चा सहावा हिस्सा ६६७, मिळवले की ४,६६७.

उलटं पण येऊ शकतं. एचआर म्हणाली वर्षाला ६२,०००, तर चौदाने भागायचं, ४,४२९ आलं, हा तुमच्या पेस्लिपवर दिसणारा महिन्याचा ग्रॉस. आणि पगारवाढ बोलताना २०० वाढवून देतो म्हणाले तर ते वर्षाला २,४०० नाही, २,८०० झाले.

हा ४,६६७ चा आकडा कशाला वापरायचा? दुसऱ्या देशातल्या ऑफरशी तुलना करायला. बास. महिन्याचं बजेट ह्यावर करायचं नाही, आणि मुख्य म्हणजे हा आकडा उचलून कॅल्क्युलेटरमध्ये टाकून नेट काढायचं तर अजिबातच नाही. ते का, हे खाली येतंय आणि खरी मेख तिथेच आहे.

साध्या महिन्यात हातात किती

साधा महिना म्हणजे ज्यात जादाचा पगार नाही असा, वर्षातले दहा महिने तरी असेच जातात. उदाहरण ४,००० चंच घेऊ, एकटा माणूस, मुलंबाळं नाहीत, बाकी कसल्या सवलती नाहीत.

पहिली कपात सोशल इन्शुरन्सची, १८.०७ टक्के. ह्यात पेन्शन, आजारपणाचा विमा, बेरोजगारी विमा आणि दोन छोट्या अर्ध्या अर्ध्या टक्क्याच्या वर्गण्या येतात. ४,००० वर ते होतात ७२२.८०. राहिले ३,२७७.२०.

टॅक्स ह्या राहिलेल्या रकमेवर लागतो, ४,००० वर नाही. ३,२७७.२० गुणिले बारा म्हणजे ३९,३२६. हो बारा, चौदा नाही, कारण ते दोन जादाचे पगार ह्या हिशोबातच येत नाहीत. त्यातून खर्चापोटी म्हणून सरसकट १३२ वजा होतात, राहतात ३९,१९४. आता स्लॅब: पहिल्या १३,३०८ वर शून्य, तिथून २१,६१७ पर्यंत २० टक्के, तिथून ३५,८३६ पर्यंत ३० टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के. (वर अजून स्लॅब आहेत पण आपला माणूस तिथे पोचत नाही.) तिन्ही तुकड्यांचा टॅक्स मिळून साधारण ७,२७१ होतो, त्यातून नोकरदाराला मिळणारी ४८७ ची थेट सूट वजा केली की ६,७८४. बाराने भागा, महिना ५६५.

३,२७७ वजा ५६५ म्हणजे २,७१२. हा तुमच्या साध्या महिन्याचा हातात पडणारा पगार. घरमालकाला पेस्लिप दाखवाल तेव्हा त्याला दिसणार तो हाच, आणि भाडं, किराणा, फोन, जिम जे काय दर महिन्याला ठरलेलं आहे ते सगळं ह्याच्यात बसवायचं.

मुलं असतील तर टॅक्समध्ये मुलामागे वर्षाला २,००० पर्यंत सूट मिळते, फॅमिलीबोनस प्लस म्हणतात त्याला, मग हातातला आकडा वाढतो. पण ती पुढची गोष्ट, आधी हे पाया गणित पक्कं करा.

आता ते दोन जादाचे पगार

इथे ऑस्ट्रिया एकदम दिलदार होते. ह्या दोन पगारांवर नेहमीचे स्लॅब लागतच नाहीत. वर्षातले पहिले ६२० युरो टॅक्स फ्री, आणि त्याच्यापुढे सपाट ६ टक्के. सहा! तुमच्या पगाराचा शेवटचा तुकडा ४० टक्क्यात जातोय आणि अख्खा तेरावा पगार ६ टक्क्यात सुटतोय. (फार मोठ्या पगारवाल्यांना ह्या सहा टक्क्याला वर मर्यादा आहे, जादाचे पगार वर्षाला २५,००० च्या पुढे गेले की दर चढतो, पण ज्याला ती लागते त्याचा हिशोब करायला बहुतेक सीए असतोच.)

सोशल इन्शुरन्स पण एक टक्का कमी, १७.०७, कारण त्या दोन छोट्या वर्गण्या ह्यावर नसतात.

जूनचा पगार: ४,००० मधून ६८२.८० सोशल इन्शुरन्स, राहिले ३,३१७.२०, त्यातून ६२० बाजूला, उरलेल्या २,६९७.२० वर ६ टक्के म्हणजे १६१.८३. हातात ३,१५५.

नोव्हेंबरचा पगार: सगळं तेच, फक्त ६२० ची सूट जूनमध्ये वापरून झाली, त्यामुळे पूर्ण ३,३१७.२० वर ६ टक्के, १९९. हातात ३,११८.

पेस्लिप हातात आल्यावर नेमकं हेच पडताळून बघायचं. जूनच्या स्लिपवर नेहमीचा पगार आणि जादाचा पगार अशा दोन वेगळ्या ओळी असतात, सोशल इन्शुरन्स पण दोन ठिकाणी वेगळा दाखवलेला, आणि टॅक्स पण. जादाच्या पगाराशेजारचा टॅक्स दीडशे दोनशेच्या घरात असेल तर बरोबर. तिथे हजाराच्या आसपास काही दिसलं तर काहीतरी गडबड आहे, एचआरला विचारायचं. (एक प्रामाणिक कारण असू शकतं, ते बोनसच्या भागात सांगते.)

सगळं एकत्र

```
खरा मासिक नेट = (१२ × साध्या महिन्याचा नेट + जूनचा जादा नेट + नोव्हेंबरचा जादा नेट) ÷ १२

(१२ × २,७१२ + ३,१५५ + ३,११८) ÷ १२ = ३,२३५
```

म्हणजे वर्षाला हातात ३८,८१७ आणि सरासरी महिना ३,२३५. घरच्यांनी विचारलं तर खरं उत्तर दोन आकड्यांत आहे: दर महिन्याला खात्यात २,७१२ येतात, आणि वर्षाचा हिशोब धरला तर ३,२३५ पडतात. दोन्ही सांगा. एकच सांगितला की कुठेतरी गैरसमज होणार, मग आई म्हणणार तू तर सव्वातीन म्हणाला होतास मग दर महिन्याला एवढेच कसे पाठवतोस.

ह्या दोनमधला फरक ५२३ चा आहे, आणि हे ५२३ महिन्याच्या महिन्याला तुमच्या हातात नाहीत, वर्षातून दोनदा गठ्ठ्याने येतात. त्यामुळे भारतातलं तिकीट, वार्षिक विमा, इथल्या होम लोनचा जास्तीचा हप्ता असल्या गोष्टी जून आणि नोव्हेंबरवर टाका. ईएमआय मात्र कधीही ३,२३५ धरून घेऊ नका.

मेख: ४,६६७ कॅल्क्युलेटरमध्ये टाकल्यावर काय होतं

बरेच जण काय करतात, ५६,००० चे बारा भाग करतात, ४,६६७ येतात, आणि ते कुठल्यातरी कॅल्क्युलेटरमध्ये महिन्याचा पगार म्हणून टाकतात. आता बारा पगाराची निवड केली असेल तर उत्तर ३,०४० च्या आसपास येतं. खऱ्या ३,२३५ पेक्षा जवळपास दोनशे कमी, वर्षाला साधारण २,३४० कमी. का? कारण त्या गणितात सहा टक्केवाला भागच उरला नाही, सगळा पैसा नेहमीच्या स्लॅबमधून गेला आणि वरचा सगळा तुकडा ४० टक्क्यात अडकला.

आणि चौदा पगार निवडलेले असतील, जे ऑस्ट्रियन कॅल्क्युलेटरवर आधीपासूनच असतं, तर कॅल्क्युलेटर समजतो की तुम्हाला ४,६६७ चौदा वेळा मिळतायत, म्हणजे वर्षाला ६५,००० च्या वर, आणि उत्तर भरमसाठ फुगतं. म्हणून टाकायचा तो ४,००० टाकायचा आणि चौदा ठेवायचे. कामगारांची संस्था आहे आर्बायटरकामर म्हणून, तिचा कॅल्क्युलेटर आहे, अर्थखात्याचाही आहे, दोन्ही चांगले आहेत. तुम्ही कागदावर काढलेलं आणि तिथलं दोन चार युरोच्या फरकाने जुळायला पाहिजे. पगार महिना ६,४५० च्या वर असेल तर माझी टक्केवारी सरळ लावू नका, कारण सोशल इन्शुरन्स त्या रकमेपर्यंतच कापतात, त्याच्या वरच्यावर नाही.

ह्यातून एक गोष्ट अजून निघते. कधी कधी छोटी कंपनी, विशेषतः बाहेरच्या देशातली जिचं ऑस्ट्रियात नवीन ऑफिस आहे, ती म्हणते की आम्ही सगळं सारखं बारा भागात देतो, तुम्हाला दर महिन्याला जास्त मिळेल. ऐकायला छान वाटतं. पण जादाचा पगार दर महिन्याच्या पगारात थोडा थोडा मिसळून दिला की टॅक्सवाले त्याला जादाचा पगार मानत नाहीत, तो नेहमीचाच पगार होतो आणि सहा टक्क्याची सवलत गेली. म्हणजे आपल्या उदाहरणात तेच ५६,०००, पण वर्षाला २,३४० युरो कमी हातात. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी सरळ म्हणायचं की मला चौदामध्येच द्या, कंपनीला त्यात खर्च काही फारसा वाढत नाही.

चौदा नक्की कशाचे?

ऑफरमध्ये एकच आकडा असेल तर ठीक. पण पगाराचे तुकडे केलेले असतील तर थांबा. समजा बेसिक ३,६०० आणि ओव्हरटाइमची ठरलेली रक्कम ४००, दोन्ही मिळून ४,०००. आता बेसिक चौदा वेळा मिळतं पण ओव्हरटाइमचे ४०० बाराच वेळा असं ठरलं असेल तर ३,६०० गुणिले १४ म्हणजे ५०,४०० अधिक ४०० गुणिले १२ म्हणजे ४,८००, एकूण ५५,२००. ८०० चा फरक पडला, महिन्याचा आकडा तोच दिसत असताना. जादाच्या पगारात काय काय धरायचं हे सामूहिक करारात आणि काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं, प्रत्येक ठिकाणी वेगळं, त्यामुळे विचारायचंच.

आणि बोनस. समजा चौदा पगारांच्या वर वर्षाला ४,००० बोनस आहे. तुम्ही म्हणाल हा पण जादाचाच पैसा, ह्यालाही सहा टक्के लागेल. नाही लागत. सहा टक्क्याच्या सवलतीला कोटा आहे, वर्षातल्या नेहमीच्या पगाराचा सहावा हिस्सा, यारेसझेख्स्टल म्हणतात त्याला. १२ गुणिले ४,००० म्हणजे ४८,०००, त्याचा सहावा हिस्सा ८,०००. बरोब्बर दोन पगार! म्हणजे जून आणि नोव्हेंबरच्या पगारांनीच कोटा भरला, बोनसला जागाच नाही, तो जातो ४० टक्क्यात. ४,००० च्या बोनसचे हातात येतात साधारण १,९९०, जिथे त्याच रकमेच्या चौदाव्या पगाराचे येतात ३,११८. म्हणून एचआरने 'बेसिक थोडं कमी ठेवू पण बोनस वाढवू' म्हटलं की हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, शिवाय बोनस पक्का नसतो ते वेगळंच.

पेस्लिपमधली ती गडबड वाटणारी गोष्ट इथे येते. बोनस मार्चमध्ये मिळाला तर तो आधी येऊन कोट्यात बसतो, त्यावर सहा टक्केच कापतात, तुम्ही खूश. मग नोव्हेंबरला कोटा संपलेला असतो आणि नाताळच्या पगारावर नेहमीचा तगडा टॅक्स बसतो, आणि ग्रुपवर मेसेज येतो की माझा तेरावा पगार निम्मा का आला. निम्मा आला नाही, मार्चमध्ये वाचलेला टॅक्स नोव्हेंबरमध्ये वसूल झाला. वर्षाची बेरीज तेवढीच राहते.

मध्येच जॉइन केलं किंवा सोडलं तर

१ सप्टेंबरला जॉइन झालात तर त्या वर्षी चारच महिने, म्हणून दोन्ही जादाचे पगार बारातले चार हिस्से मिळतात. ४,००० चे चार बारांश १,३३३, असे दोन, म्हणजे २,६६७ ग्रॉस, हातात साधारण २,११६. हे बहुतेक नोव्हेंबरला एकदम येतात. म्हणजे पहिले दोन तीन महिने, जेव्हा घराचं डिपॉझिट आहे (तीन महिन्यांचं भाडं तरी साधारण मागतात), गादी आहे, हिवाळ्याचे कपडे आहेत, तेव्हा तुमच्या हातात फक्त २,७१२ आहेत. येताना सोबत काय आणायचं ते ह्या हिशोबाने ठरवा.

पहिल्या अर्धवट वर्षाचं अजून एक. दर महिन्याचा टॅक्स असा कापला जातो जणू तुम्ही अख्खं वर्ष तेवढंच कमावताय. वर्ष संपल्यावर फिनान्झऑनलाइनवर रिटर्न भरलं तर नेहमीच्या पगारातला बऱ्यापैकी टॅक्स परत येऊ शकतो, त्यामुळे भरायचं टाळू नका.

सोडताना उलटं होतं. समजा ३१ ऑगस्टला नोकरी सोडली. जूनमध्ये तुम्ही पूर्ण ४,००० घेऊन बसलायत, पण आठ महिन्यांचा हक्क २,६६७ च. बऱ्याच करारांत जास्तीचे १,३३३ कापून घ्यायची तरतूद असते. त्याच वेळी नाताळच्या पगाराचे आठ महिन्यांचे २,६६७ तुम्हाला यायचे असतात, म्हणजे शेवटच्या हिशोबात १,३३३ ग्रॉस तुमच्या बाजूने उरले पाहिजेत. फक्त कापलेलं दिसलं आणि नाताळवालं दिसलंच नाही तर लगेच विचारा. राजीनामा कसा दिला, कोणी दिला ह्यावरही काही करारांत नियम बदलतात, म्हणून नोटीस द्यायच्या आधी ते पान वाचून घ्या.

सही करायच्या आधी एचआरला काय विचारायचं

मेलवरच विचारा, फोनवर नको, म्हणजे लेखी राहतं. लाजायचं कारण नाही, तिकडच्या एचआरला हे प्रश्न रोजचे आहेत. मी तरी ह्या क्रमाने विचारेन:

- लिहिलेली रक्कम महिन्याची असेल तर ती चौदा वेळा का, आणि वर्षाची असेल तर तिला चौदाने भागायचं का?
- कुठला सामूहिक करार लागू आहे आणि मला कुठल्या ग्रेडमध्ये टाकलंय?
- ओव्हरटाइमची रक्कम किंवा इतर भत्ते जादाच्या पगारात धरलेत का?
- दोन्ही जादाचे पगार कुठल्या महिन्यात, आणि मी अमुक तारखेला जॉइन झालो तर पहिल्या वर्षी किती?

रेड व्हाइट रेड कार्डवर, म्हणजे ऑस्ट्रियात राहून नोकरी करायच्या परवान्यावर, येणाऱ्यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर नक्कीच लेखी घ्या. उदाहरणार्थ 'इतर महत्त्वाचे कर्मचारी' ह्या प्रकारात २०२५ साली किमान पगार महिना ३,२२५ ग्रॉस अधिक जादाचे पगार असा होता, म्हणजे वर्षाला ४५,१५०. कंपनीने ३,७०० महिना देतो म्हटलं पण बाराच वेळा, तर ते ४४,४०० होतात. महिन्याचा आकडा पावणेपाचशेने जास्त दिसतोय आणि वर्षाचा ७५० ने कमी पडतोय.